बाबांसाठी लिहिलेले प्रश्न

माझी एक मैत्रीण भिवंडीतल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि यूट्यूबवर टाकते. विचारते ती, प्रश्न लिहून देते मी. त्या रविवारी पाहुणे होते माझे बाबा. तिथल्याच निजामपुऱ्यात सारा जन्म लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवलेला माणूस. "एकदाच बसन," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. स्वतःबद्दल ते घरात कधी बोलले नव्हते, म्हणून ही एक बैठक मला वाया घालवायची नव्हती.

आणि नेमका तिथेच मी शहाणपणा पाजळला. "बारा-बारा तासांची ड्युटी, एका माणसाकडे कितीतरी लूम, त्यात सुताची संपलेली कांडी बदला, तुटलेला धागा जोडा, म्हणजे फार कष्ट पडले असतील ना?" मैत्रिणीला वाचतानाच धाप लागली. बाबा म्हणाले, "हो." पुढच्यालाही "हो." सात प्रश्न, सात हो. उत्तरं मीच प्रश्नांत कोंबली होती, त्यांनी सांगायचं काय?

"झालं ना?" म्हणत ते कॉलरचा माइक काढायला लागले. मी घाईने चहा पुढे केला आणि कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मैत्रीण मागोमाग आली. "वाचायला छान आहेत गं. पण तोंडाने विचारायचेत. त्यांना कमी ऐकू येतं, निम्म्यातच हरवतात ते."

लूमच्या खडखडाटात लांबलचक कुणी बोलत नाही. बाही ओढायची, समोर यायचं, दोन शब्द बोलायचे. बाबा घरीही आम्हाला तसंच बोलवायचे, तरी लिहिताना मला ते सुचलं नाही. मग एकेक ओळ मोठ्याने म्हणून पाहिली. मी भरलेली माहिती खोडली, शेवटचं ‘असतील ना’ खोडलं. उरलं एवढंच: "पहिल्या दिवशी काय झालं?" "हात कसा बसला?" "घरी आल्यावर काय व्हायचं?"

चहा झाल्यावर बाबा कुरकुरत बसले. मैत्रीण अगदी समोर बसली, पहिला प्रश्न विचारला आणि गप्प राहिली. बाबा बोलायला लागले, ते पुढ्यातला दुसरा चहा गार होईपर्यंत. मला बरं वाटलं, मैत्रिणीचा थोडा हेवाही वाटला.

तिसऱ्या प्रश्नाला ते म्हणाले, "घरी आलो का कानात नुसता खडखडाट. पोरगी समोर येऊन कायतरी बोलायची. तोंड हलताना दिसायचं, आयकू काय न्हाय यायचं. मी आपला मान हलवायचो."

मी गणितात नापास झाले तेव्हा त्यांनी मान हलवली होती. पुढे शिकायचंय म्हटलं तेव्हाही. बाबा माझं सगळं समजून घेतात, असं मी आजवर लोकांना सांगत आले.

मी मैत्रिणीला बाजूला सारून त्यांच्यासमोर बसले. "मी काय बोलते, असं वाटायचं?"

बाबा बराच वेळ बोलले. त्यातलं एकही वाक्य मी कधी बोलले नव्हते. मी मान हलवत राहिले.