शेजारीण माझ्या नवऱ्याचं नाव घेते

मिरजेच्या घरातून निघाले तेव्हा सुमो फाटकाशी उभी होती, ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून थकला होता, आणि गल्लीतल्या बायकांनी मला उंबऱ्यात अडवलं होतं. "नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही!" मी पदर खोचला, घसा साफ केला आणि नाटकात उभं राहावं तशी उभी राहून म्हणाले :

"बॅगेत भरली चटणी, पापड अन् साडी काठापदराची,
अमितरावांचं नाव घेते, वेळ झाली विमानाची!"

टाळ्या पडल्या. आई मात्र डोळे पुसत म्हणाली, "घे बाई, घेऊन घे. तिकडे कोण तुला नाव घ्यायला सांगणार?" तिनं स्वतः जन्मभर दादांचं नाव घेतलं नाही. "अहो" म्हटलं की दादा "ओ" द्यायचे, एवढ्यावर त्यांचा संसार झाला.

तर मैत्रिणींनो, तुम्ही मिरजेत असा नाहीतर फ्रिस्कोत, ऐका. आईचं म्हणणं सपशेल खोटं ठरलं. इथे अमेरिकेत, आमच्या बेलव्ह्यूमध्ये, माझ्या नवऱ्याचं नाव दिवसातून हजारदा घेतलं जातं. फक्त ते मी घेत नाही. शेजारीण घेते.

आम्ही या घरात नुकतेच मूव्ह झालो होतो. सकाळी चहा टाकला, खिडकी उघडली, आणि कुंपणापलीकडून हाक आली. "अमितोऽ फोऽ... अमितोऽ फोऽ..." मला वाटलं, कुणीतरी ओरडतंय, अमित, फोन! मी आत वळून म्हटलं, "अरे, तुझा फोन वाजतोय बहुतेक." अमितनं खिसे चाचपले. फोन गप्प. हाक चालूच. कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर सत्तरीची एक बाई खुर्चीत बसून थेट आमच्या घराकडे तोंड करून, डोळे अर्धे मिटून, माझ्या नवऱ्याला आळवत होती!

"सई," मी लेकीला म्हटलं, "तुझ्या बाबाचं बाहेर काहीतरी आहे."

"आई, शी इज प्रेइंग," सई दूध-सीरियलच्या वाडग्यातून डोकंही वर न काढता म्हणाली. "नॉट फ्लर्टिंग."

मी बेसनाचे लाडू घेऊन पलीकडे गेले. चौकशीला निमित्त हवंच. बाईंचं आडनाव लिन. तैवानहून मुलाकडे आलेल्या. मी त्यांना लिन काकू म्हणू लागले आणि त्यांनीही 'काकू' हे नावच समजून आनंदानं स्वीकारलं. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं मराठी वळणाचं, त्यामुळे आमचं छान जमलं.

त्या म्हणत होत्या ते असं होतं : नमो अमितोफो. 'फो' म्हणजे बुद्ध. 'नमो' ऐकून मी उडालेच. आणि अमित म्हणजे? ज्याला माप नाही तो! अमिताभ, ज्याच्या प्रकाशाला माप नाही. अमितायु, ज्याच्या आयुष्याला माप नाही. आपलाच शब्द चीन फिरून, तैवानला मुक्काम करून माझ्या कुंपणावर येऊन बसला होता. "माय हजबंड, अमित," मी सांगितलं. काकूंनी दोन्ही हात जोडले. तेव्हापासून अमित कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला तरी त्या त्याला नमस्कार करतात, आणि तो बिचारा डबा सोडून उलटा नमस्कार करतो.

मग मी रोज जायला लागले. कुतूहल, दुसरं काय! त्यांची माळ एकशे आठ मण्यांची. एक नाव, एक मणी, अंगठ्यानं अलगद मागे ओढायचा. आधी सहा अक्षरी नाव, सावकाश. मग लय धरली की 'नमो' गळतं आणि चार अक्षरंच धावू लागतात. एकशे आठ झाले तरी त्या शंभरच धरतात. वरचे आठ, मन भटकलं असेल त्याबद्दल. ("मी असते तर ऐंशी ठेवले असते," मी म्हटलं. काकू पोट धरून हसल्या.) मोठ्या मण्याशी आल्या की तो ओलांडत नाहीत, माळ फिरवून परततात. दादाही तुळशीच्या माळेचा मेरुमणी ओलांडत नसत! का, ते मी कधी विचारलं नव्हतं. काकूंनी सांगितलं, तो मणी म्हणजे स्वतः अमितोफो. त्याच्यावरून कोण पाय टाकून जाईल? एक फेरा झाला की गोंड्याच्या दोरीवरचा छोटा मणी सरकवायचा. असे दहा सरकले की त्यांचं रोजचं हजार पूर्ण.

"तो हिशोब बघतो का?" मी विचारलं.

"तो नाही. मी आळशी, म्हणून मोजते," काकू म्हणाल्या. "आणि कानानं ऐकायचं. मनातून निघालं, तोंडातून आलं, कानातून परत मनात."

आमच्या घराकडे तोंड का, तेही कळलं. अमितोफोचा देश पश्चिमेला, सुखावती. काकूंच्या पश्चिमेला आधी आमचं गॅरेज येतं.

हे सगळं मजेत चाललं होतं, आणि मग अमितच्या छातीत दुखलं. तीन नळ्या बंद, बायपास. सर्जरीच्या दिवशी हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये मी खिळल्यासारखी बसले होते. सई शेजारी नखं खात होती. लिन काकू आल्या आणि त्यांनी माळ माझ्या हातात ठेवली.

मला दुसरं काय येत होतं? नाव घ्यायला लागले. अमितोफो, अमितोफो. खरं सांगते, मला बुद्ध दिसत नव्हता, कचऱ्याचा डबा ओढणारा माझा नवराच दिसत होता. दोन फेरे झाले. जरा धीर आला तशी मी विचारलं, "काकू, हे नाव घेतलं की नेमकं काय होतं?"

"त्याचं वचन आहे. मनापासून बोलावलं, दहा वेळा का होईना, तर शेवटच्या क्षणी तो न्यायला येतो. पश्चिमेला. तिथे कमळात जन्म."

"शेवटच्या क्षणी?" माळ माझ्या हातून खालीच पडली. "अहो काकू! मी त्याला तिकडे पाठवत नाहीये! मला तो परत हवाय!"

"आई, लोअर युअर व्हॉइस," सई रडता रडता हसली.

काकूंनी माळ उचलली, कपाळाला लावली. "माझा नवरा गेला तेव्हा आम्ही कुणी रडलो नाही. उशाशी बसून सगळ्यांनी हेच नाव घेतलं. तो तिथे आहे. मी रोज घेते, म्हणजे माझ्या वेळेला ते आपोआप तोंडात येईल, आणि आमची भेट होईल." मग त्यांनी माळ परत माझ्या मुठीत दिली. "पण ज्याची वेळ झाली नाही, तो याच नावानं लवकर बरा होतो, असं आमचे गुरू सांगतात. नाव एकच. शेवटी फक्त सांग, हे पुण्य कुणाला."

मी सांगितलं. मराठीत, मोठ्यांदा, पूर्ण पत्त्यासकट. चूक नको.

दुसऱ्या दिवशी अमितच्या घशातली नळी काढली. मी वाकून हाक मारली, "अमित." पापण्या हलल्या. घोगरा आवाज आला, "ओ."

नर्स धावली. "इज ही इन पेन?"

"नो, नो!" मी म्हटलं. "ही आन्सर्ड!"

आता तो बरा आहे, तुपाला मुकलाय आणि त्याबद्दल रोज कुरकुरतो. मिरजेचं घर कुलूपबंद आहे. आई नाही, दादा नाहीत. तिथे "अहो" म्हटलं तर ओ द्यायला कुणी उरलं नाही. इथे मात्र सकाळी मी खिडकी उघडते, चहा टाकते. कुंपणापलीकडून एक बाई आपल्या नवऱ्याच्या भेटीसाठी हाक मारते, "अमितोऽ फोऽ..." आणि माझा नवरा, दाढीचा फेस तोंडाला तसाच, बाथरूमच्या खिडकीतून तिला ओरडतो,

"ओऽऽ!"

काकू हसतात आणि पुढचा मणी ओढतात. मी चहा गाळते.