नूंहवरची टिप्पी

माझ्या सासूबाई मला कधीच फोनवर सापडल्या नाहीत. दर रविवारी सकाळी नवरा कॅल्गरीहून लुधियान्याजवळच्या आपल्या गावी फोन लावायचा. मायलेकरांच्या गप्पा चांगल्या रंगायच्या. मी फोनसाठी हात पुढे केला की तिकडे नेमकं दूध उतू जायचं, म्हैस सुटायची, नाहीतर नेटवर्क जायचं. "मम्मी बिझी है यार," असं म्हणून नवरा फोन खिशात टाकायचा. इतकी मोकाट म्हैस मी आयुष्यात पाहिली नाही.

राग मलाही कळत होता. एकुलत्या एक मुलानं नागपूरच्या मराठी मुलीशी परस्पर लग्न केलं, तेही इथल्या ऑफिसात सह्या करून. पण त्याला आता दोन वर्षं झाली होती आणि मी गरोदर होते. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. बाळंतपणात घरात एखादं मोठं माणूस असावं, असं मला फार वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त हे वाटत होतं की या बाईंनी मला एकदा तरी सून म्हणावं.

फोनवर येत नाहीत तर पत्र लिहावं, असं मी ठरवलं. सासूबाई सरकारी प्राथमिक शाळेत पंजाबी शिकवून निवृत्त झालेल्या. इंग्रजी पत्र त्यांनी उघडलंही नसतं आणि हिंदीला नाक मुरडलं असतं. नवऱ्याला म्हटलं, तू लिहून दे. तो म्हणाला, "मैं तो व्हॉट्सॲप भी रोमन में करता हूँ. And why letter? फोन है ना!" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो गपचूप शोव्हल घेऊन ड्राइव्ह-वेवरचं बर्फ उपसायला गेला.

त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले होते आणि माझ्या ऑफिसात layoff झाला होता. वेळ भरपूर होता. शहराच्या नॉर्थईस्ट भागातल्या एका गुरुद्वाऱ्याच्या बेसमेंटमध्ये रविवारी दुपारी मुलांसाठी पंजाबीचा वर्ग भरायचा, तिथे जाऊन बसले. आजूबाजूला सात-आठ वर्षांची पोरं, मध्ये पोट घेऊन मी. पोरं एकमेकांशी इंग्रजीत भांडायची आणि मला "auntie, are you failing?" असं विचारायची. शिकवणाऱ्या बाईंना सगळे बहनजी म्हणत. पांढऱ्या वेणीच्या, अमृतसरकडच्या. मला त्या पुत्त म्हणायच्या, म्हणजे बाळ.

मुळाक्षरांनी मला फारसा त्रास दिला नाही. छळ मांडला तो दोन चिन्हांनी. अद्धक म्हणजे अक्षराच्या डोक्यावर उताणी ठेवलेली वाटी आणि टिप्पी म्हणजे पालथी वाटी. अद्धकानं अक्षराचं द्वित्त होतं, टिप्पीनं अनुस्वार येतो. तीच दोन अक्षरं घ्यायची. वाटी उताणी ठेवली तर 'अग्ग' म्हणजे आग, आणि पालथी घातली तर 'अंग'. बहनजी फळ्यावर लिहून म्हणायच्या, "देख पुत्त, जरा सी उलटी हो गई तो घर जल गया."

माझी चूक मात्र अस्सल मराठी होती. 'बच्चा' लिहिताना आपण अर्धा च पुऱ्या च ला चिकटवतो, जोर जिथे आहे तिथेच दाखवतो. मी अद्धकही तिथेच ठेवायचे, च च्या डोक्यावर. गुरमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, ते आधीच्या अक्षरावर ठेवतात, म्हणजे ब वर. पुढे धक्का आहे, अशी आधीच सूचना. "अद्धक पहलां, धक्का बाद में," असं बहनजींनी मला किती वेळा सांगितलं असेल. वहीत जमायचं. घाईत लिहिलं की हात पुन्हा नागपूरला जायचा.

टिप्पीचं आणखी निराळं. आपल्याकडे कुठलाही अनुस्वार असो, एक ठिपका दिला की संपलं. इथे काना, दीर्घ वेलांटी, मात्रा असेल तर ठिपका. आणि नुसतं अक्षर, ऱ्हस्व वेलांटी किंवा खाली उकार असेल तर पालथी वाटी. मी एक शब्द मात्र शिकायच्या आधीपासून घोटत होते. 'नूंह'. पंजाबीत सून. न काढायचा, त्याच्या खाली दोन छोट्या रेघांचा दीर्घ उकार, म्हणजे दुलैंकड़, वर पालथी वाटी, आणि मग ह. आपल्या 'सून'ला डोक्यावर काहीच लागत नाही, यांच्या सुनेला मात्र डोक्यावर काहीतरी घेऊनच उभं राहावं लागतं. किराणा मालाच्या पावतीमागे, फ्रीजवरच्या कागदावर, बसच्या काचेवर साचलेल्या वाफेत, सगळीकडे मी नूंह लिहिलं.

बहनजींना एक रविवार बरं नव्हतं, वर्ग भरला नाही. त्याच आठवड्यात नवऱ्याचा एक मित्र पंजाबला निघाला होता. मला धीर धरवेना. मी लिहून टाकलं. छोटंसंच पत्र होतं. मम्मी जी, सत श्री अकाल. आम्ही ठीक आहोत. मे महिन्यात बच्चा येणार आहे. तुम्ही जरूर या, तुमच्याशिवाय घर पुरं होणार नाही. माझी ही पहिलीच चिट्ठी, चुकलं तर माफ करा. आणि खाली सही केली, 'तुहाडी नूंह', म्हणजे तुमची सून. नाव घातलं नाही. नाव त्यांना ठाऊक होतं. नातं ठाऊक करून द्यायचं होतं.

नवऱ्याला वाचायला दिलं. त्यानं बोट फिरवत वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. "Perfect है. मम्मी पिघल जाएगी." शुद्धलेखनाचं विचारलं तर म्हणाला, "अद्धक-वद्धक कौन देखता है यार!" स्वतःची आई जन्मभर काय बघत आली, हे या माणसाला माहीत नव्हतं.

मित्र महिन्याभरानं परतला. बर्फ अजून होतंच. सासूबाईंनी एक मोठा स्टीलचा डबा पाठवला होता. त्यात घरच्या तुपातल्या पिन्न्या होत्या, कणकेचे ते घट्ट लाडू. डब्यावर नवऱ्याचं नाव होतं. पंजाबात बाळंतिणीला पंजीरी देतात, आपल्या डिंकाच्या लाडवासारखी. ती नव्हती. मी पिन्न्यांच्या खालीसुद्धा बघितलं, इतकी मी वेडी. डब्यासोबत एक पाकीट होतं. ते मी आधी उघडलं.

पाकिटात माझंच पत्र होतं.

लाल पेनानं तपासलेलं. 'बच्चा'मधलं च वरचं अद्धक गोल करून बाण काढून ब वर नेलं होतं. 'चिट्ठी'मधलं ठ वरचं उचलून पहिल्या अक्षरावर ठेवलं होतं. 'विच्च' म्हणजे 'मध्ये', त्याचंही तेच. अगदी वर 'मम्मी' होतं. तिथे मी पहिल्या म वर अद्धक दिलं होतं. ते खोडून त्यांनी टिप्पी काढली होती. म आणि न यांचं द्वित्त अद्धकानं नाही, टिप्पीनं दाखवतात. तो धडा आमचा अजून व्हायचा होता. खाली समासात वळणदार अक्षरात शेरा होता, 'ध्यान नाल लिखो'. लक्ष देऊन लिहा. याशिवाय एक अक्षर नाही. येते नाही, येत नाही नाही, तब्येतीला जप नाही. आणि सहीतल्या 'नूंह' या शब्दावर पट्टीनं आखल्यासारखी लाल रेघ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी खुर्चीत बसले आणि रडले. नवरा पिन्नी खात होता. तो हातातली पिन्नी ठेवून आला, पत्र बघितलं आणि हसलाच. "अरे, teacher है ना, आदत है. इसका मतलब पढ़ा तो सही! मम्मी की spelling ठीक की है, मतलब she's okay with मम्मी." मीही क्षणभर त्याच्या आशेला लटकले. 'मम्मी' खोडलं नव्हतं, दुरुस्त केलं होतं, हे खरंच होतं. "और ये नूंह?" मी विचारलं. "उसमें भी कुछ गलती होगी. तेरी टिप्पी गलत होगी."

माझी टिप्पी.

पुढच्या रविवारी मी ते पत्र बहनजींपुढे ठेवलं. हे माझ्या सासूबाईंनी तपासलंय, एवढंच सांगितलं. बहनजींनी चष्मा लावला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेल्या. "ठीक है. ठीक है. ये भी सही पकड़ा. मम्मी में टिप्पी, बिलकुल. अच्छी टीचर है तेरी सास." बोट खाली सहीपाशी आलं आणि थांबलं. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "नीचे दुलैंकड़ है, ऊपर टिप्पी है, फिर ह है. ये तो एकदम सही है पुत्त. सबसे सोहणा यही लिखा है. ये क्यों..."

 बाकीच्या प्रत्येक चुकीपाशी लाल शाईत दुरुस्ती होती. या शब्दापाशी रेघेखेरीज काहीच नव्हतं, कारण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. रेघेच्या अलीकडे फक्त 'तुहाडी' उरलं होतं. तुमची. बहनजींनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मागच्या बाकावरून एका पोरीनं विचारलं, "Did auntie fail?" 

मे महिन्यात मुलगी झाली. बाळंतपणाला कोणी आलं नाही. नवऱ्यानं सुट्टी घेऊन करपलेली खिचडी केली आणि पंजीरी मी दुकानातून आणवली. खवट होती, तरी संपवली.

आणि मी दुसरं पत्र लिहिलं. का, ते विचारू नका. हट्ट म्हणा. या वेळी बहनजींना तीनदा दाखवलं. मम्मी जी, तुम्हाला नात झाली. बच्ची आणि घरातले सगळे चांगले आहेत. तिचे डोळे तुमच्या मुलासारखे आहेत. अद्धक आपापल्या जागी, आधीच्या अक्षरावर. 'मम्मी'वर टिप्पी. बरोबर बाळाचा फोटो घातला. सही करायची वेळ आली तेव्हा पेन कागदावर टेकवलं, आणि उचललं.

त्यानंतरच्या एका रविवारी नवरा फोनवर बोलता बोलता उठून उभा राहिला. त्याचा एवढा हसरा चेहरा मी लेक झाली तेव्हाच पाहिला होता. फोन ठेवून तो धावत माझ्याकडे आला.

"मम्मी को letter मिल गया! She's so happy! बोल रही थी, चिट्ठी बहुत सोहणी है, इस बार एक भी गलती नहीं."

मी मुलीला खांद्यावर घेऊन थोपटत राहिले. त्या पत्राच्या खाली, सहीच्या जागी, कोणीच नव्हतं, हे त्याच्या अजूनही लक्षात आलेलं नाही.