दोनशे किलो परत आलेलं सूत

विरुपाक्ष मालकांचा फोन बंद झाला, तरी हिशेब लिहिणाऱ्या धम्मप्रियाच्या कानात त्यांचं शेवटचं वाक्य तसंच राहिलं.

"यशवंतला सोमवारपासून पॅकिंगला बसवणार. माग आता त्याच्या हाती देत नाही."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्याला दोन भागीदार. थोरले बाजार बघत, धाकटे विरुपाक्ष खर्चाचा हिशेब. सध्या ते इचलकरंजीला गेले होते आणि हिशेबाचा तक्ता तिनंच काल त्यांच्या मोबाईलवर पाठवला होता. एकाच मापाचे, एकाच सुताचे टॉवेल, दोन लॉट. पहिला आदिनाथच्या मागांवर निघाला, दुसरा यशवंतच्या. पहिल्याचं सूत एक लाख ब्याऐंशी हजारांचं. दुसऱ्याचं दोन लाख दोन हजारांचं. मालकांनी आदिनाथला पाचशे रुपये बक्षीस द्यायला सांगितलं आणि यशवंतनं सूत वाया घालवलं असं ठरवून टाकलं.

"मालक, एकदा वजनं बघू का?" तिनं विचारलं होतं.

"बघ. पण जे काय असेल ते लेखी पाठव. फोनवर आकडे ऐकायचा कंटाळा येतो मला."

यशवंत गेली एकोणीस वर्षं जॉबर, माग लावून देणारा आणि दुरुस्त करणारा. मागाच्या आवाजावरून कुठला धागा तुटणार ते त्याला आधी कळायचं, असं बाकीचे म्हणत. पॅकिंगला बसला की महिन्याला चार हजार कमी, आणि ज्यांना त्यानं माग शिकवला त्यांचेच टॉवेल घड्या घालून पिशवीत भरायचे.

धम्मप्रियाला अशी गोष्ट नवी नव्हती. कुंभारीच्या घरकुलात तिची आई मनकर्णा विड्या वळायची. पान वाईट आलं की विडी फुटायची, फुटली की कारखान्यात छाट म्हणून बाद व्हायची आणि छाट निघाली की मजुरी आईची कापली जायची. आई पानाचा तुकडा उजेडाकडे धरून दाखवायची. मुनीम वर बघायचा नाही. वहीत पानाचा रकाना नव्हताच.

तिनं कपाटातून दोन्ही लॉटच्या पावत्या काढल्या. पहिल्या लॉटला हजार किलो सूत दिलं, दोनशे परत आलं. वापर आठशे. दुसऱ्याला आठशे दिलं, आठशे संपलं. वजन सारखं, सूत सारखं. मग वीस हजार गेले कुठं?

ती गोदामात गेली. गोदाम सांभाळणारा धुळाप्पा काट्याजवळ स्टुलावर बसून सुपारी कातरत होता. हातातली परत पावती तिनं त्याच्यासमोर धरली.

"काका, हे दोनशे किलो परत आलं ते कुठल्या सुतातलं?"

"जुन्यातलं. दोनशे चाळीसच्या भावाचं. नवं तवा नुकतं आल्तं, दोनशे नव्वदचं. त्याला आजूनबी हात लावला न्हाय."

"मग पावतीवर तसं लिहायचं की."

"लिवलंय की." त्यानं सुपारीची पूड झटकली आणि पावतीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ज्या पावतीनं माल गेला तिचा नंबर हितं हाय. माझं अक्षर लई वाईट, पर आकडा तर आकड्यासारखाच दिसतोय. तुला चश्मा लागला का काय?"

तिला हसू आलं नाही. टेबलावर येऊन तिनं ती नोंद उघडली. परत आलेला माल लिहिताना संगणक भावाच्या चौकटीत आपोआप शेवटच्या खरेदीचा भाव भरायचा. तो पुसून, माल ज्या भावानं गेला तो भाव घालायचा, एवढंच तिचं काम. त्या दिवशी तिनं नुसतं एंटर दाबलं होतं. दोनशे किलो दोनशे चाळीसनं गेलं आणि दोनशे नव्वदनं परत आलं. गोदामाच्या दारातून आत येता येता सुताला दहा हजार रुपये जास्तीचे चिकटले आणि तेच सूत पुढं यशवंतच्या लॉटला गेलं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती खुर्चीत मागे टेकली. दोन्ही लॉटची बेरीज तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. चूक दुरुस्त केली तरी तेवढीच. गोदामाची वही जुळत होती, वर्षअखेरीला कुणी विचारणार नव्हतं. सगळं बरोबर होतं, फक्त एका माणसाचं नाव खराब झालं होतं.

तिनं ईमेल लिहायला घेतलं. पहिलं वाक्य उतरलं: 'संगणकाने चुकीचा भाव घेतल्यामुळे...' तिनं ते वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण मुनीमही असंच काहीतरी म्हणाला असता. तिनं ते पुसलं.

'आदरणीय मालक,

कालच्या तक्त्यात माझी चूक झाली आहे. पहिल्या लॉटमधून परत आलेले २०० किलो सूत ज्या भावाने दिले होते त्याच भावाने, म्हणजे २४० रुपयांनी, परत घ्यायला हवे होते. मी भाव न तपासता ते २९० ने जमा केले. त्यामुळे पहिल्या लॉटच्या खर्चातून ४८,००० ऐवजी ५८,००० वजा झाले आणि तो लॉट दहा हजारांनी स्वस्त दिसला.

तेच २०० किलो पुढे दुसऱ्या लॉटला २९० ने लागले. त्याचे बाकीचे ६०० किलोही २४० चेच होते. म्हणून तो लॉट दहा हजारांनी महाग दिसला. चूक दहा हजारांची, फरक वीसचा.

खरे पाहता दोन्ही लॉटला ८०० किलो सूत लागले आणि दोन्हींचा खर्च १,९२,००० आहे. यशवंत यांच्या मागांवर सूत वाया गेलेले नाही. धुळाप्पाकाकांची पावती बरोबर होती. नोंदी दुरुस्त करून नवा तक्ता आणि पावत्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. यापुढे परत मालाची प्रत्येक नोंद मूळ पावतीचा नंबर बघूनच करीन.

धम्मप्रिया'

पाठवलं आणि तिनं डबा उघडला. भाकरी गार झाली होती. दोन घास खाल्ले असतील, तोवर फोन वाजला.

"पोरी," विरुपाक्ष मालक म्हणाले. मागं कुठंतरी ट्रकचा हॉर्न वाजत होता. "म्हणजे मी सकाळी त्याला जे बोललो..."

धम्मप्रियाचा हात डब्यावर थांबला. "तुम्ही त्यांना सांगितलं होतं?"

"फोन केला होता. नुसतं बरं म्हणाला." मग त्यांनी विचारलं, "चूक कितीची?"

"दहा हजारांची. माझी."

"ते वाचलं. मी किलो न बघता रुपयेच बघितले, ते नाही लिहिलंस तू."

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"यशवंत मागावरच राहील. मी सोमवारी आल्यावर बोलतो त्याच्याशी."

"मालक, सोमवारपर्यंत कशाला? मी आत्ता जाऊन सांगते."

"सांग. आणि आदिनाथचे ते पाचशे परत मागू नकोस. कुठल्या भावानं घेशील देव जाणे."

या वेळी तिला हसू आलं.

मागांच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू येत नाही. नव्या तक्त्याचा कागद घेऊन ती यशवंतजवळ गेली. तो मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता. त्यानं गाठ पुरी केली, हात पँटला पुसले आणि कागद घेतला. दोन्ही आकडे सारखे असल्याचं तिनं बोटानं दाखवलं, मग स्वतःकडे बोट करून कान धरला.

त्यानं दोन्ही आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "मी घरी काय सांगितलं न्हवतं आजून. बरं झालं."

त्यानं कागदाची चौकोनी घडी घातली, खिशात ठेवली आणि माग सुरू केला.