रन न दाबलेला फोन

लातूरच्या आमच्या ॲप बनवणाऱ्या ऑफिसात मी सहा वर्षांचा जुना. निलंग्याची सुकन्या तीन महिन्यांपूर्वी आली, आणि मला तिचं काम बघवत नाही. ॲपमध्ये साधा रंग बदलायचा तरी मी कॉम्प्युटरवर रनचं बटण दाबतो, ॲप फोनवर पुन्हा चढेपर्यंत चहा पिऊन येतो, मग सगळा फॉर्म पुन्हा भरत बसतो. ही लाइव्ह एडिट चालू ठेवते. कोडमधली ओळ बदलली की फोनवर उघडलेला स्क्रीन तिथल्या तिथे बदलतो.

मंगळवारी उदगीरच्या मोंढ्यात शेतमालाची दलाली करणारे आडते रामलिंगअप्पा त्यांचं ॲप बघायला आले. तिने त्यांचाच फोन केबलने जोडला.

"सोयाबीनचा भाव मोठा दिसू दे," अप्पा म्हणाले.

ती टाइप करत गेली, आकडा मोठा होत गेला.

"लई हुशार पोरगी हाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या पोटात दुखलं.

तिने केबल काढून फोन त्यांच्या हातात दिला. असे बदल फक्त चालू ॲपपुरते असतात. ते टिकवायला शेवटी एकदा रन दाबावंच लागतं. तिने दाबलं नव्हतं. मला दिसलं होतं. मी गप्प बसलो.

अप्पा जिन्यावरून परत आले. "ॲप बंद करून उघडलं तर जुनंच हाय की."

सुकन्या ओशाळली. तिने फोन जोडून रन दाबलं, दोन मिनिटांत काम झालं.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "दादा, तुमचं लक्ष असतं तर तुम्ही आधीच सांगितलं असतं."