दोन आठवड्यांची स्पीड

आमच्या घरात आधी मासळी होती आणि भात होता. बाकी काही सांगण्यासारखं नव्हतं. बा तलावात जाळं टाकायचा, माय टोपलं घेऊन आंधळगावच्या बाजारात बसायची. उन्हाळ्यात तलाव खाली गेला की वाळवलेले झिंगे आणि भात, सकाळीही तेच, संध्याकाळीही तेच. मोबाइल घरात आला तेव्हा त्याला घरात रेंज नव्हती. तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाजवळ उभं राहिलं की यायची. कॉलेजचा अॅडमिशन फॉर्म मी त्या पाळीवर उभी राहून भरला. वारा सुटलेला, ओढणी सारखी तोंडावर येत होती, आणि माय खाली उभी राहून विचारत होती, झालं का, झालं का. बीएससी झाले. आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांत पहिली. हे मी मुद्दाम लिहिते. कमी वाटायचं काही कारण नाही.

नोकरी लागली तीही घरात बसून करायची. एका दूरच्या शहरातली कंपनी मशिनी विकते, तिचे ग्राहक अडले की ते स्क्रीनवर मला दिसतात, मी त्यांना बघत बघत मशीन कशी लावायची ते सांगते. दुपारी सुरू होते, रात्री जेवणाच्या आत संपते. त्यासाठी गावात आलेलं केबलवाल्याचं इंटरनेट घेतलं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग ते मरायला लागलं. बंद पडत नव्हतं, हीच अडचण. बंद पडलं असतं तर कुणी आलं असतं. ते मंद व्हायचं. समोरच्या माणसाचा चेहरा गोठायचा, त्याचं अर्धं वाक्य माझ्याकडे यायचं, माझं त्याच्याकडे जायचंच नाही. मी सारखं म्हणायचे, आवाज येतोय का, आवाज येतोय का. एखाद्या दिवशी दिवसभरात मी दुसरं काही बोललेच नाही असं वाटायचं.

तक्रार केली की फोनवरची मुलगी राउटर बंद करून चालू करायला सांगायची. केला. दुसऱ्या दिवशी तक्रार बंद झाल्याचा मेसेज. पुन्हा तक्रार, पुन्हा राउटर, पुन्हा मेसेज. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी कंपनीकडून मेल आला. कॉल तुटण्याचं प्रमाण जास्त आहे, महिनाभरात सुधारणा दिसली नाही तर नागपूरच्या ऑफिसात येऊन काम करावं लागेल, नाहीतर काम थांबवावं लागेल. नागपूरला खोली घेतली की पगारातलं घरी पाठवायला काय उरणार, हे मला मेल वाचता वाचताच दिसलं. शिवाय त्या वर्षी बाच्या गुडघ्यांनी पाण्यात उतरायला नकार दिला होता. घरात कमावणारं माणूस मी होते.

तालुक्याच्या गावी, मोहाडीत, केबलवाल्याचं ऑफिस आहे. मी तिथे गेले. मालक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, तुमचा वायफाय पलंगाखाली ठेवला असन. आमच्या इथून तर फुल स्पीड दिसून राहिली." मी म्हटलं, मग माझ्याकडे का दिसत नाही. तो हसला आणि म्हणाला, "प्रूफ आणा ना मग. मले बी माहीत होऊ द्या."

त्याने ते टाळायला म्हटलं होतं. मी ते खरं धरलं.

जुना लॅपटॉप होता, कॉलेजचा, बॅटरी गेलेला. त्यात स्पीड मोजायचा एक छोटा प्रोग्राम टाकला आणि त्याला वेळापत्रक लावून दिलं. दर अर्ध्या तासाला आपोआप मोजायचं. तारीख, वेळ, पिंग (म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ), डाउनलोड, अपलोड एका फाइलीत लिहायचं, आणि जुनी ओळ न पुसता खाली नवी जोडायची. दर पाच मिनिटांनी लावायचा मोह झाला होता. पण स्पीड मोजताना तो प्रोग्राम लाइन भरून टाकतो, म्हणजे माझाच कॉल मीच तोडला असता. मोजणी ज्याच्याशी व्हायची तो सर्व्हरही एकच ठरवून दिला, नाहीतर तो प्रत्येक वेळी वेगळा निवडतो आणि आकड्यांची तुलना होत नाही. वायफाय नाही, थेट केबल राउटरमधून लॅपटॉपला. पलंगाचं नावच निघायला नको.

पहिले दोन दिवस वाया गेले. पहिल्या दिवशी लॅपटॉप झोपून गेला, त्याची झोप बंद करायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी बाने घराबाहेर पडताना बोर्डावरची सगळी बटणं खाली केली. आमच्याकडे घरातून निघताना बटणं खाली करायचीच, मीसुद्धा करते. मी ओरडले नाही. बोर्डावर चिकटपट्टी लावली आणि लॅपटॉप-राउटर दोन्हींना एक छोटा यूपीएस घेतला, म्हणजे गावची लाइट गेली तरी मोजणं सुटणार नाही. माय त्या चिकटपट्टीकडे बघून म्हणाली, "आता याची बी पूजा कर."

तिसरा दिवस मोजणीचा पहिला धरला. पहिला आठवडा संपला तेव्हा मला वाटलं, सापडलं. सकाळी आणि दुपारी डाउनलोड पस्तीस-चाळीस एमबीपीएस. दिवेलागण झाली की तीनवर. रोज. मी फाइलीचा ग्राफ काढला, केबलवाल्याच्या ऑफिसात पाठवला आणि खाली लिहिलं की संध्याकाळी सगळं गाव लाइनवर येतं, तुम्ही पेलत नाही इतकी कनेक्शनं विकली आहेत. मालकाने लाइनमनला पाठवलं. तो आला दुपारी. त्याने स्वतःच्या फोनवर स्पीड काढली, चाळीस आली, मला दाखवली आणि चहा पिऊन गेला.

दुसऱ्या आठवड्यात सगळं उलटं झालं. सकाळी उशिरापासूनच तीन. दुपारी तीन. संध्याकाळी तीन. आणि गाव झोपायच्या वेळेला अचानक चाळीस, पहाटेही चाळीस. भर दुपारी कोणतं गाव लाइनवर येतं? उन्हाळी धानाचे दिवस, लोक बांधावर. माझा गर्दीचा हिशोब मोडला. आणि माझं दिवसाचं पूर्ण कामच आता तीनवर चाललं होतं. त्या आठवड्यात कंपनीच्या माझ्या वरच्या बाईंनी फोन करून विचारलं की नागपूरला कधीपासून येशील. मी सांगितलं, दोन दिवसांनी सांगते. मग फोन ठेवून मी तशीच खुर्चीत बसून राहिले. मायने भात वाढला तो गार झाला. तिने ताट उचलून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची काकू चहाला आली. तिच्या नवऱ्याची तलावाच्या खालच्या अंगाला धानशेती आहे. ती मायजवळ कुरकुरत होती. "या हप्त्यात करंट रातचा केला ना वो. माणूस रातभर मोटरीजवळ बसते अन् दिवसा घोरते. कोणतं काम सांगू त्याले?"

शेतीच्या पंपांची लाइन वेगळी असते, तिला दिवसातले ठरावीक तासच वीज मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हे मला लहानपणापासून माहीत आहे. रातच्या विजेच्या आठवड्यात तलावाच्या पाळीवर टॉर्च फिरायच्या आणि बाला बोलायला माणसं मिळायची. पण ते मी माझ्या फाइलीशी कधी जोडलं नव्हतं. कप खाली ठेवून मी लॅपटॉप उघडला. आकडे कोणत्या दिवशी उलटले ते बघितलं. काकूला विचारलं, करंट कधीपासून रातचा झाला. तोच दिवस.

मग बाकीचंही दिसायला लागलं, आधीपासून समोर होतं ते. गर्दीने लाइन मंदावते तेव्हा हळूहळू मंदावते, आकडा वरखाली नाचतो. माझा आकडा एका मोजणीत चाळीस, पुढच्या मोजणीत तीन, आणि मग तासन्‌तास तीनलाच चिकटलेला. पिंगही त्याच क्षणी तिप्पट. म्हणजे लाइन दमत नव्हती, कुठेतरी रस्ताच बदलत होता. आणि शेतीची वीज गेल्यावर लगेच नाही, काही तासांनी. कशाचीतरी बॅटरी संपेपर्यंत.

गावाला इंटरनेट वाटणारी केबलवाल्याची पेटी कुठे आहे ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तलावाच्या पाळीखाली एका शेतकऱ्याचं मोटरघर आहे, त्याच्या भिंतीवर. दुपारी काम सुरू व्हायच्या आधी मी उन्हात तिथे गेले. पेटीच्या जाळीतून एरवी हिरवे दिवे दिसतात. एकही नव्हता. फोटो काढला आणि घरी येऊन फाइलीतली शेवटची ओळ बघितली. तीन.

वरच्या बाईंकडून आणखी महिनाभराची मुदत मागून घेतली आणि दोन आठवडे पूर्ण होऊ दिले. घाई केली असती तर त्याने पुन्हा दुपारचा लाइनमन पाठवला असता. मग दोन ग्राफ एकाखाली एक छापले, शेतीच्या विजेचे तास दोन्हींवर पेन्सिलने रंगवले आणि मोहाडीला गेले.

मालकाने कागद आधी नुसताच धरला. मग वाचायला लागला. लाइनमन तिथेच बसला होता, त्याला विचारलं, "पेटीले करंट कुठून घेतला बे?"

"मोटरघरातून."

"काहून?"

"तिथं बिल नाही येत ना. शेतवाला बी म्हणे, घे ना, कोण पाहाते." आणि वर म्हणाला, "बॅटरी नवी होती तं रात काढत होती."

मालकाने कागद टेबलावर ठेवला. मग त्यानेच मला समजावून सांगितलं, आता आवाज वेगळा होता. फायबरची पेटी बंद पडली की गाव जुन्या टॉवरच्या वायरलेस लाइनवर जातं, ती अरुंद, म्हणून तिथे प्रत्येकाला तीनच सोडलेले. ऑफिसातून बघितलं तर गाव चालू दिसतं. तक्रार बंद होते.

"ताई," तो म्हणाला, "हे आमच्या इंजिनियरनं पाहाले पाहिजे होतं."

मी म्हटलं, "पाहिलं असतं. पण तुम्ही प्रूफ मले मागितलं."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. झोप येत होती. बसमध्ये खिडकीला डोकं लावलं आणि गाव येईपर्यंत उठले नाही, कंडक्टरने हाक मारली. घरी आल्यावर मायने विचारलं, "जाशीन का नागपूरले?" मी म्हटलं, "नाही वाटते." तिने झाकलेलं ताट पुढे केलं आणि बाने बोर्डाकडे बघून विचारलं की ती चिकटपट्टी आता काढायची का. मी नको म्हटलं. अजून मोजायचं होतं.

पेटी आठ दिवसांनी हलवली. आता ती गावातल्या दूध संकलनाच्या खोलीत आहे, गावठाणाच्या, म्हणजे घरांच्या लाइनवर, मीटरसकट, आणि बॅटरी नवी आहे. त्यानंतर मी पुन्हा दोन आठवडे मोजलं. एकदाही तीसच्या खाली गेलं नाही. ती फाइल मी कंपनीला पाठवली. नोकरी राहिली, आणि ती मी माझ्या घरातून करते.