पेट्रोलने पुसलेला बेल्ट

कुणाला फोटो पाठवायचा असला की आधी वस्तू पुसून घ्यायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

आमच्या घरात ते बाबांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. आजोबांनी धम्म स्वीकारला त्या दिवसापासून आमच्या घरात मळका सदरा दोरीवर दिसला नाही. लोक आधी तुमचे कपडे बघतात आणि मग तुमचं ऐकायचं की नाही ते ठरवतात, असं बाबा सांगत. म्हणून शाळेत जाताना माझ्या पाटीची लाकडी चौकटसुद्धा ओल्या फडक्याने पुसलेली असायची.

बाबांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. गुडघ्यावरून खाली लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. त्यांची स्कूटर मागे दोन जादा चाकं लावलेली, बिनगिअरची. सीटखालच्या डिकीत टूलकिट कधीच नव्हतं, तिथे चळवळीच्या पुस्तिका असायच्या. सोळा पानी, बत्तीस पानी, स्वस्त कागदाच्या, स्टेपल गंजलेल्या. गिरडच्या बाजारात बाबा त्या विकत, न विकल्या तर वाटत. मी वाचायला शिकलो तो त्याच डिकीतून.

दर रविवारी ती डिकी घेऊन बाबा टेकडीपलीकडच्या गावी जात. तिथे त्यांचे जन्माचे सोबती राहत. मी त्यांना मोठे काका म्हणे. साखरेने त्यांचे डोळे गेले होते. बाबा त्यांना आठवड्याचं सगळं वाचून दाखवत आणि काका प्रत्येक पानावर भांडत. "हे कोणं लिवलं? अर्ध खोटं हाये," असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत. बाबा संध्याकाळी घसा बसवून घरी येत. आठवड्यात त्यांचा तो एकच दिवस सुखाचा.

मागच्या पावसाळ्यानंतर, असंच परत येताना फाट्यावर स्कूटर थांबली. इंजिन सुरू, ॲक्सिलरेटर पिळला की नुसती घरघर, चाक ढिम्म. फाट्यावरच्या मेकॅनिकने डाव्या बाजूचं कव्हर उघडलं. आतला रबरी बेल्ट तुटून पडला होता. इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा तोच.

"काका, बेल्ट गेला," तो म्हणाला. "माह्याजवळ नाई. फोटो काढा, वर्ध्याच्या दुकानात पाठवा. तो एसटीनं पाठवते."

आमच्या गावापासून वर्ध्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो. आता सगळे फोटोवरच सामान मागवतात, त्यामुळे त्यात काही वेगळं नव्हतं. मेकॅनिकने गाडी दोरीने ओढून घरी आणून दिली आणि तुटका बेल्ट बाबांच्या हातात ठेवला. धूळ आणि काळं वंगण. बाबा ओट्यावर बसले, वाटीत थोडं पेट्रोल घेतलं आणि फडक्याने बेल्ट पुसू लागले. आतले दाते, बाहेरची पाठ, कडा. आई म्हणाली, टाकायचीच वस्तू आहे, एवढं काय? बाबांनी मान वर केली नाही.

"आपली वस्तू लोकाच्या हाती मळकी नाई जायची," ते म्हणाले.

बेल्ट चकचकीत काळा झाला. मग मी फोटो काढले, पांढऱ्या चादरीवर ठेवून, तीन बाजूंनी. दुकानदाराला पाठवले. त्याचा लगेच फोन आला.

"बेल्ट दाखवून राह्यले का पोरीचं स्थळ?" तो हसत होता. "नंबर कुठी हाये, भाऊ? पाठीवर पांढऱ्या अक्षरात छापलेला असते."

मी फडकं पाहिलं. त्यावर पुसल्या गेलेल्या अक्षरांच्या करड्या रेघा होत्या. बाबांनीही पाहिलं आणि फडक्याची घडी घातली.

दुकानदार म्हणाला, बेल्ट सगळे काळेच असतात, दिसायला भाऊ-भाऊ. लांबी थोडी, रुंदी थोडी अशी वेगळी. फोटोत लांबी कळत नाही. मग गाडीचा फोटो पाठवा, मॉडेलवरून बघतो. बाबांनी गाडीही धुतली. पण तिचं समोरचं पॅनेल दोन उन्हाळ्यांपूर्वी फुटलं होतं आणि जुनं मिळेना म्हणून मेकॅनिकने त्याच गाडीच्या नव्या मॉडेलचं बसवलं होतं. फोटोत गाडी नवी दिसली, आणि पॅनेल बदललंय हे सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. दुकानदाराने नव्या मॉडेलचा बेल्ट पाठवला.

तो येईपर्यंत पहिला रविवार गेला. शेजारच्या पोराने मोटरसायकलवर मागे बसून चला म्हटलं. बाबा बसले, पण कॅलिपरचा पाय वळेना, आडवा रस्त्यावर येई. कोपऱ्यापर्यंत जाऊन ते उतरले आणि घरात आले. एसटीच्या पायऱ्यांचा विषय कुणी काढला नाही.

बेल्ट आला. मेकॅनिकने दोन्ही पुल्यांवर चढवला आणि बोटाने दाबून पाहिला. मधोमध झोळीसारखा लोंबत होता.

"लांब हाये. असाच चालवला तं सुटून कव्हर फोडन," तो म्हणाला, आणि काढून परत पिशवीत घातला.

दुसऱ्या रविवारी मोठ्या काकांचा फोन आला. मी स्पीकरवर लावला.

"काऊन बे, मेला का?"

"गाडी बंद हाये," बाबा म्हणाले. "पार्ट चुकीचा आला."

"पोरगा आलाय. मले पुण्याले नेऊन राह्यला. म्हणते, इथं एकट्यानं नाई राहायचं." मग आवाज खाली करून, "जायच्या पह्यले येजो. ते मागचं अर्ध राह्यलं."

बाबा म्हणाले, येतो. फोनवर वाचतो असं ते म्हणाले नाहीत. पानापानाला भांडणारा माणूस समोर नसेल तर वाचायचं कुणासाठी, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही.

मी दुकानदाराला फोन केला. आता त्याचंही हसू गेलं होतं. त्याने गाडीचा चेसिस नंबर मागितला आणि सांगितलं, तुटका बेल्ट जमिनीवर सरळ लांब टाका, बाजूला टेप ठेवा, पूर्ण लांबी दिसेल असा वरून फोटो काढा, रुंदीचा वेगळा. बेल्ट झिजून थोडा अरुंद होतो, ते मी धरून घेतो. आईने शिलाईचा टेप दिला. ओट्यावर तो बेल्ट मेलेल्या सापासारखा पडला होता, स्वच्छ. मी फोटो काढले. जुन्या मॉडेलचा बेल्ट त्याच्याकडे नव्हता. नागपूरहून मागवावा लागला.

तो आला, बसला, चाक फिरलं. बाबा त्याच क्षणी निघाले. मी मागून मेकॅनिकच्या गाडीवर गेलो. टेकडीपलीकडे पोचलो तेव्हा बाबा मोठ्या काकांच्या अंगणात स्कूटरवरच बसलेले होते. दाराला कुलूप. शेजारीण सांगत होती, काल सकाळीच गेले, जाताना सारखे रस्त्याकडे कान लावून होते.

बाबा उतरले नाहीत. उतरणं हे त्यांच्यासाठी काम असतं. त्यांनी गाडी तिथल्या तिथे वळवली.

मी पुस्तिकांवर वाढलो आहे, मला दोष शोधायची सवय आहे. मी तो फडक्यात शोधत नाही. ज्यांनी जात बघून आमच्या तीन पिढ्यांना शिकवलं की तुमच्या हातची वस्तू आधी हुंगली जाईल आणि मग पाहिली जाईल, त्यांच्या दारात मी तो नेऊन ठेवतो. त्या मळाखाली नंबर होता. आमच्या मळाखाली काहीतरी असू शकतं हे आम्हालाच कुणी मानू दिलं नाही.

पुण्याहून एकदा फोन आला, सुनेचा. बाबांनी मोठ्या काकांना बोलवायला सांगितलं, तर ते झोपलेत म्हणाली. बाबा अजून रविवारी गाडी पुसतात. डिकीतली अर्धी वाचलेली पुस्तिका तशीच आहे, कोपरा दुमडलेला.

म्हणून एक मागणं. तुमच्या घरात उद्या एखादा पार्ट तुटेल. कुणीतरी फोटोआधी फडकं शोधू लागेल. ते त्यांच्या हातातून हळूच काढून घ्या, आणि जसा आहे तसा मळका फोटो पाठवा.