जिवंत आहेत, असं साहेब म्हणाले

माझं तोंड फटकळ. सासरच्यांनी हे इतक्यांदा ऐकवलंय की आता मीच आधी सांगून मोकळी होते. पण ज्या दिवशी त्या तोंडाचा खरा उपयोग व्हायला हवा होता, त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नाही. आजही तो दिवस आठवला की अंगाचा तिळपापड होतो, आणि मग नुसतं रडू येतं.

पिंपरीत तेव्हा नुकते कुठे कारखाने उभे राहत होते. मुंबई-पुण्याच्या रस्त्याच्या एका अंगाला शेड, दुसऱ्या अंगाला ज्वारी. माझं सासर इथलंच, जुने गावकरी. आमचे हे बॉयलरवर फायरमन होते. कोळसा मारायचा, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर डोळा ठेवायचा, वाफ सांभाळायची. घरी आले की मान काळी, डोळे लाल, आणि तरी हसायचे मेले! म्हणायचे, "तुझ्या चुलीपरीस माझी चूल मोठी हाय, तवा गुमान राहायचं."

त्या दिवशी सकाळची कामं उरकत होते तोच कारखान्याकडून मोठा आवाज आला. मागोमाग भोंगा. अवेळी वाजलेला भोंगा बाईच्या पोटात कसा शिरतो ते कुणाला सांगून कळायचं नाही. अख्खं गाव गेटकडे पळालं. मी भिजल्या हातांनी तशीच पळाले. गेट बंद. आत शेडवर पांढरी वाफ. कुणी म्हणे सगळी शेड बसली, कुणी म्हणे चाळीस माणसं गेली, कुणी म्हणे विषारी वायू सुटलाय, पोरांना घेऊन नदीपलीकडे पळा. बायका छाती पिटत होत्या.

थोड्या वेळानं पहारेकरी बाहेर आला आणि पाच घरांची माणसं आत बोलावून घेऊन गेला. आमच्या घरचे थोरले मामंजी गेले. मामंजी म्हणजे यांचे चुलते. माझे सासरे आधीच वारले होते, त्यामुळे घरात मामंजींचा शब्द शेवटचा. ते आत गेले तेव्हा ताठ होते. बाहेर आले तेव्हा पागोटं हातात होतं. मी विचारलं, "काय झालं? यांचं काय?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गप ऱ्हा, पोरी."

मग लेबर ऑफिसर बाहेर आले. पुण्याचे, चष्मा लावणारे, पोरसवदाच दिसायचे. त्यांनी एक लाकडी खोकं आणवलं, त्यावर उभे राहिले आणि गलका थांबेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग सावकाश बोलायला लागले. ते बोलणं मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं.

"आज सकाळी बॉयलरची वाफ नेणारी मोठी नळी फुटली. बॉयलर फुटलेला नाही. भट्टीतली आग बाहेर काढली आहे, वाफ उतरवली आहे. विषारी वायू सुटलेला नाही, गाव सोडायची गरज नाही. आपले दोन कामगार दगावले. त्यांच्या घरी आधी सांगितलं आहे, म्हणून आता इथं सांगतो. नावं मी इथं घेणार नाही. तिघे वाफेनं भाजले आहेत. ते पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आहेत. तिघंही जिवंत आहेत. त्यातल्या एकाची तब्येत चिंताजनक आहे. त्यांच्या घरच्यांनाही कल्पना दिली आहे. बाकी सकाळच्या पाळीची हजेरी घेतली, सगळे सापडले आहेत, ते थोड्या वेळात याच गेटनं बाहेर येतील."

कुणीतरी ओरडलं, "नळी फुटली कशी? कुणाची चूक?"

"ते मला माहीत नाही. सरकारचे बॉयलर इन्स्पेक्टर तपासायला येणार आहेत. ते येईपर्यंत तिथल्या वस्तूला कुणी हात लावणार नाही. मी आत्ता अंदाज केला आणि तो चुकला, तर तुम्ही पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवणार नाही."

'चिंताजनक' म्हणताना साहेबांची नजर मामंजींवर गेलेली मी बघितली होती. मी गर्दीतनं पुढं घुसले आणि विचारलं, "साहेब, ज्याचं चिंताजनक म्हणताय तो वाचंल का? एवढंच सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मी कुणाची कोण हे त्यांना ठाऊक नसावं, पण ओळखलं असावं. "बाई, तसं वचन मी देऊ शकत नाही. डॉक्टरही देत नाहीत. ते जिवंत आहेत आणि उपचार चालू आहेत, एवढं मला नक्की माहीत आहे. जखमींच्या घरच्यांसाठी हा ट्रक उभा आहे. घरातले दोघं-दोघं चला, लगेच निघतोय. संध्याकाळी मी इथंच उभा राहून जे कळलं असेल ते सांगीन. नवं काही नसलं तर नवं काही नाही, असं सांगीन."

जिवंत आहेत. मी एवढंच धरलं आणि ट्रककडे धावले. फळीवर पाय ठेवला तोच मामंजींनी दंड धरला.

"कुठं निगालीस?"

"दवाखान्यात. साहेब म्हणाले ना, जिवंत हायेत!"

"आगं, साहेब लोक गर्दीत अजून काय म्हंणार?" मामंजींचे डोळे भरले होते. "मला आत बी तसंच म्हनलं. मी इचारलं, पोरगं वाचंल न्हवं? तर म्हंतो, वचन देत न्हाई. जिता असता तर व्हय म्हनला नसता का? येवढं एक अक्षर जड जातं व्हय कुनाला?"

आता मामंजींना तरी काय बोलू? आमच्यात मेल्याची बातमी कुणी सरळ सांगतच नाही. माझे वडील गेले तेव्हा तार आली होती, तब्येत गंभीर, ताबडतोब निघा. आम्ही पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. तार करणाऱ्यालाही ठाऊक होतं, वाचून दाखवणाऱ्यालाही ठाऊक होतं. लेकीच्या काळजाला धक्का नको म्हणून सगळे गोड बोलत होते. त्यामुळे साहेब जितकं जपून, जितकं मोजून बोलले, तितकी आमच्या माणसांची खात्री पटत गेली. त्यांनी छातीवर हात ठेवून "काही होत नाही हो, ठणठणीत आहे" अशी थाप मारली असती, तर आमचं अख्खं घर ट्रकमध्ये चढलं असतं.

मी भांडले. देवाशपथ भांडले. म्हणाले, "हा माणूस वेगळा हाय. ह्यानं दोघं मेले ते मेले म्हणून सांगितलं, मग तिसऱ्याचं कशाला लपवील?" मामंजी म्हणाले, "दुःखानं डोकं फिरलंय हिचं." दोन बायांनी मला धरलं. ट्रक गेला. त्यात बाकीच्या दोन जखमींची माणसं होती. आमच्या घरचं कुणी नव्हतं. घाई कशाला करायची? आधी मावळात भावकीला निरोप जायला हवा, माणसं जमायला हवीत, लाकडं सांगायला हवीत. मग जाऊन आणायचं, असं ठरलं.

घरी आत्याबाई वाट बघत होत्या. मामंजींची विधवा बहीण. ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी हंबरडा फोडला आणि पदरानं माझं कुंकू पुसलं. मी हात झिडकारला. म्हणाले, "आत्याबाई, जिवंत हायेत वो! का असं करताय?" शेजारच्या मेकॅनिकची बायको, मुसलमानाची, ती एकटी मध्ये पडली. "मय्यत घरात आली नाही, इतकी घाई काहेकू?" तिला कुणी विचारतंय! आत्याबाईंनी माझे हात जात्याच्या पाळीवर आपटले. हिरव्या काचा. एक मनगटात रुतली. गळ्यातलं तोडून घेतलं. आत्याबाई दुष्ट नव्हत्या हो. त्या मला कवटाळून माझ्याहून जास्त रडत होत्या. आणि खरं सांगते, इतकी सगळी रडताना बघून शेवटी माझाही धीर सुटला. मीही रडायला लागले.

दिवस कलता कलता दारात जीप थांबली. लेबर ऑफिसर आत आले. ओटीवर बसलेली भावकी बघून थबकले.

"दवाखान्यातून फोन आला होता," ते मामंजींना म्हणाले. "तुमच्याकडचं कुणीच पोचलं नाही. का?"

मामंजी हात जोडून उभे राहिले. "साहेब, आनायला कवा यायचं, तेवढं सांगा. समदी तयारी हाय."

"आणायला? कुणाला?"

साहेबांची नजर माझ्याकडे गेली. कपाळाकडे, मग मनगटांकडे. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. "मी जिवंत आहेत म्हणालो होतो," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "दोनदा म्हणालो होतो."

"व्हय साहेब," मामंजी म्हणाले. "समदेच तसं म्हंत्यात."

साहेब खालीच बसले. मग एकदम उठले. "ते शुद्धीवर आहेत. सकाळपासून घरचं कोण आलंय विचारतायत. चला, आत्ता चला!" मी उठले आणि होते तशी जीपमध्ये जाऊन बसले. मामंजी मागे बसले, ते रस्ताभर कपाळ बडवत होते. दापोडीचा पूल ओलांडला तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, मी कशी निघालेय ते. साहेबांना म्हणाले, "कुठं कुंकवाची पुडी मिळंल का?" त्यांनी जीप थांबवून दोन दुकानं बघितली. एक बंद होतं, दुसरीकडे नव्हतं. म्हणाले, "बाई, आता थांबायला नको." तिथंही त्यांनी खोटी आशा दाखवली नाही.

दवाखान्यात नर्स म्हणाली, रडायचं नाही, जास्त बोलायचं नाही, एकच जण जा. मी पदर भुवयांपर्यंत ओढला आणि दोन्ही हात आत गुंडाळून घेतले. हे पट्ट्यांत होते. तोंड सुजलेलं, एकच डोळा उघडा. मला बघून ओठ हलले. "आलीस? लई येळ लावलास."

"ट्रक चुकला," मी म्हणाले.

"पानी दे."

खाटेशेजारी तोटीचं भांडं होतं. दुसरं कुणी नव्हतं तिथं. नर्स लांब, पलीकडच्या खाटेशी. काय करणार होते मी? हात बाहेर काढला, भांडं ओठांना लावलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि थांबले. तो एक डोळा माझ्या मनगटावर होता. मग वर माझ्या पदराकडे गेला.

"मला कुनी बोललं न्हाई," हे म्हणाले.

"गर्दीत फुटल्या वो. गेटावर रेटारेटी झाली. उद्याच भरते, आत्ता भरते!" मी काय काय बडबडले. साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, डॉक्टर आहेत, उपचार चालू आहेत, साहेब खोटं बोलत नाहीत. हे ऐकत होते की नाही कोण जाणे. डोळा मिटून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. साहेबांनी गेटवर पुन्हा खोक्यावर उभं राहून सांगितलं, तीन दगावले म्हणून. मामंजी ते ऐकायला गेले नाहीत.

नर्सनं मला निघताना सांगितलं, तुमचा माणूस भारी चिवट होता. दिवसभर दर येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, मला घरी कधी सोडणार? मी पोचल्यानंतर त्यांनी ते एकदाही विचारलं नाही.